पैसे संपतील तेव्हा काय कळलेलं असेल?

स्टार्टअपचा अर्ज हातात आला की मी आधी शेवटचं पान उघडतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या इन्क्युबेटरच्या निवड समित्यांवर काही वर्षं बसल्यामुळे लागलेली ही सवय आहे. पहिल्या पानावर कल्पना असते आणि ती सगळ्यांचीच छान असते. शेवटी पैशाचा तक्ता असतो. मागितलेल्या रकमेचं काय करणार, कोणत्या महिन्यात करणार आणि त्यातून काय हाती लागणार, हे तिथे लिहिलेलं असतं. अर्जदाराला आपल्या धंद्यातलं नेमकं काय ठाऊक नाही, हे त्याचं त्याला कळलंय का, ते त्या तक्त्यावरून समजतं.

इन्क्युबेटर म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. नव्या कंपनीला जागा, प्रयोगशाळा, जाणकारांचा सल्ला आणि कधी सुरुवातीचे पैसे देणारी ही संस्था असते. आपल्याकडे ती बहुधा एखाद्या शैक्षणिक किंवा संशोधन संस्थेच्या आवारात चालते. मुंबईच्या आयआयटीतलं ‘साइन’ किंवा पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातलं ‘व्हेंचर सेंटर’ ही त्याची उदाहरणं. तिथे कंपनी वर्ष-दोन वर्षंही राहू शकते. अॅक्सिलरेटरची घाई वेगळी असते. तो एकदम बऱ्याच कंपन्यांची तुकडी घेतो, साधारण तीन महिने त्यांना पळवतो, बदल्यात कंपनीत हिस्सा घेतो आणि शेवटी गुंतवणूकदारांपुढे उभं करतो. 2005 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘वाय कॉम्बिनेटर’ने हा साचा जगभर रूढ केला.

या लेखात मी इन्क्युबेटरमार्फत मिळणाऱ्या एकाच प्रकारच्या मदतीबद्दल लिहिणार आहे. 2021 साली केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजना आणली. या योजनेत सरकार पैसे इन्क्युबेटरकडे देतं आणि कंपन्यांची निवड इन्क्युबेटरची समिती करते. कल्पना चालते का हे तपासण्यासाठी, नमुना बनवण्यासाठी आणि चाचण्यांसाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं. ते एकरकमी मिळत नाही, ठरलेला टप्पा गाठला की पुढचा हप्ता सुटतो. बाजारात उतरण्याच्या टप्प्यावर 50 लाखांपर्यंतची रक्कम कर्जाच्या किंवा परिवर्तनीय रोख्याच्या रूपात मिळते. अर्ज करताना कंपनी नोंदवून दोन वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा आणि केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची, म्हणजे डीपीआयआयटीची, मान्यता असावी. भारतीय प्रवर्तकांचा हिस्सा किमान 51 टक्के असावा आणि इतर सरकारी योजनांतून 10 लाखांहून जास्त आर्थिक मदत घेतलेली नसावी.

दोन वर्षांच्या अटीत बरीच मुलं अडकतात. महाविद्यालयातल्या एखाद्या स्पर्धेत बक्षीस मिळतं, त्या उत्साहात लगेच कंपनी नोंदवली जाते, मग परीक्षा, नोकरी, एखादं लग्न. खरं काम सुरू होईपर्यंत दीड वर्ष निघून गेलेलं असतं. ग्राहकांशी बोलायला, ओबडधोबड नमुना जुळवायला कंपनी लागत नाही. ते आधी करावं आणि अर्ज दृष्टीच्या टप्प्यात आला की कंपनी नोंदवावी.

अर्ज कसा वाचला जातो ते एका उदाहरणाने दाखवतो. हे एकाच कंपनीचं उदाहरण नाही. मी पाहिलेल्या तीन-चार अर्जांमधले तपशील एकत्र करून, ओळख पटणार नाही अशा बेताने ते मांडलं आहे.

तासगावच्या बाजूचे दोघं. ती इलेक्ट्रॉनिक्सची अभियंता, पुण्यात चार वर्षं नोकरी केलेली. तो तिचा मावसभाऊ, बेदाण्याच्या शेडवरच लहानाचा मोठा झालेला. बेदाणा करताना द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात आणि शेडमधल्या जाळ्यांच्या थरांवर पसरतात. पंधरा दिवसांच्या आसपास ती वाळतात. या काळात अवकाळी पाऊस आला किंवा रात्रीची हवा दमट राहिली तर मणी काळपट पडतो आणि हिरव्या-पिवळ्या बेदाण्याचा भाव हातचा जातो. दोघांनी मांडलेली कल्पना अशी : शेडमध्ये आर्द्रता मोजणारे सेन्सर बसवायचे आणि धोका दिसला की मोबाइलवर सूचना द्यायची.

पहिल्या अर्जात बाजारपेठेच्या रकान्यात देशातल्या एकूण शेतीमालाच्या उलाढालीचा आकडा होता आणि त्यातला ‘फक्त एक टक्का’ मिळाला तरी कंपनी कोट्यवधींची होईल, असा हिशेब होता. स्पर्धक या रकान्यात ‘नाही’. सोबत एका लोकप्रतिनिधीचं आणि एका प्राचार्यांचं शिफारसपत्र. पैशाच्या तक्त्यात 20 लाखांची वाटणी होती : संस्थापकांचे पगार 6 लाख, कार्यालय आणि लॅपटॉप साडेचार लाख, अॅप 4 लाख, जाहिरात साडेतीन लाख, उरलेले 2 लाख यंत्रासाठी.

हा तक्ता वाचल्यावर मला कळलं की हे पैसे बारा महिन्यांत संपतील आणि संपल्यावरही आज जेवढं ठाऊक आहे तेवढंच ठाऊक असेल. ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त शंका होती, म्हणजे शेडमध्ये यंत्र टिकतं का आणि त्याने बेदाणा वाचतो का, तिच्या वाट्याला सगळ्यात कमी पैसे आले होते. शिवाय या अनुदानातून सुविधा उभारायला परवानगीच नाही, त्यामुळे कार्यालय उभारण्याची रक्कम तशीही कापली गेली असती.

समितीत इन्क्युबेटरचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो. राज्याच्या स्टार्टअप यंत्रणेतलं कोणीतरी असतं, गुंतवणूकदारांकडचं एक जण असतं, उद्योगातला आणि शिक्षणक्षेत्रातला प्रत्येकी एक तज्ज्ञ असतो आणि दोन यशस्वी उद्योजक असतात. गरज, व्यवहार्यता, संभाव्य परिणाम, नावीन्य, चमू, पैशाच्या वापराची योजना आणि सादरीकरण अशा निकषांवर गुण दिले जातात. कागदावर हे निकष वेगवेगळे आहेत. प्रत्यक्षात चर्चा एका-दोन प्रश्नांपाशी अडते आणि बाकीचे गुण त्या उत्तरांच्या मागे मागे जातात.

या दोघांना एका उद्योजक सदस्याने विचारलं, “माल काळा पडला तर पैसे कुणाचे बुडतात?” मावसभावाने लगेच सांगितलं, “शेतकऱ्याचे.” आणि यंत्र कोण विकत घेणार? शेडमालक. पुष्कळ शेडमालक दुसऱ्यांची द्राक्षं मोबदला घेऊन वाळवून देतात. म्हणजे नुकसान एकाचं आणि यंत्राचा खर्च दुसऱ्याचा. मग दुसऱ्याने तो का करावा? दोघं एकमेकांकडे बघत राहिले. अर्ज नामंजूर झाला.

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. वापरणारा, पैसे देणारा आणि फायदा होणारा ही तीन वेगळी माणसं आहेत का, हे ज्या अर्जात स्पष्ट नसतं तो अर्ज यंत्र कितीही चांगलं असलं तरी पुढे सरकत नाही. शाळेसाठीचं सॉफ्टवेअर, रुग्णालयासाठीचं उपकरण, ग्रामपंचायतीसाठीचं पाणी मोजणारं मीटर, या सगळ्यांत हाच पेच असतो. आणि याचं उत्तर इंटरनेटवर सापडत नाही. ते शेडवर जाऊनच शोधावं लागतं.

ती दोघं गेली. हंगाम चालू होता, बावीस शेड पाहिल्या. प्रत्येक भेटीनंतर त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. दुसऱ्या अर्जाला त्यांनी ती वहीच स्कॅन करून जोडली होती. त्यातली काही पानं मला अजून आठवतात. एका पानावर लिहिलं होतं : ‘मालक म्हणाले, दमट झालं ते मला रात्री अंगावरच कळतं, मोबाइल कशाला? पण कळून करू काय? पडदे सोडतो आणि देवाचं नाव घेतो.’ दुसऱ्या पानावर : ‘मुठीत मणी दाबून पाहिला आणि म्हणाले, अजून दोन दिवस.’

या दोन नोंदींनी अर्ज उलटापालटा झाला. पहिली गोष्ट म्हणजे स्पर्धक सापडला. शेडमालकाचा हात आणि बाजारात काहीशे रुपयांत मिळणारं आर्द्रतामापक, हेच खरे स्पर्धक. ‘आम्हाला स्पर्धक नाही’ असं वाक्य वाचलं की आम्ही असं समजतो की अर्जदाराने ग्राहक आज काय करतो ते पाहिलेलं नाही. दुसरी गोष्ट, नुसती सूचना कुणालाच नको होती. सूचना आल्यावर करायचं काय, हे हवं होतं. म्हणून सेन्सरला पंखे जोडायचं ठरलं : आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा दमट झाली की पंखे आपोआप सुरू व्हायचे आणि बाहेरचीच हवा दमट असली की बंद राहायचे.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. शेडमालकाला पैसे मिळतात ते हंगामात शेड किती वेळा भरते त्यावर. हंगाम 75 दिवसांचा धरला आणि एका फेऱ्याला 15 दिवस लागले तर पाच फेरे होतात. तोच फेरा साडेबारा दिवसांत झाला तर सहा. एक जादा फेरा म्हणजे मालकाच्या खिशात येणारा पैसा, शेतकऱ्याच्या खिशातून वाचणारा नव्हे. बाजारपेठेचा रकानाही त्यामुळे बदलला. देशाच्या शेतीची उलाढाल गेली आणि तिच्या जागी साधा गुणाकार आला : पहिल्या तालुक्यात आम्ही मोजलेल्या शेड इतक्या, त्यांतल्या सलग तीन वर्षं भरून चालणाऱ्या इतक्या, एका जादा फेऱ्याचं उत्पन्न इतकं, त्यातला इतका वाटा मालक आम्हाला द्यायला तयार आहेत. बेरीज पहिल्या अर्जाच्या तुलनेत अगदी लहान होती. पण तिच्यातला प्रत्येक आकडा कुठून आला, हे विचारता येत होतं आणि त्याचं उत्तरही मिळत होतं.

त्याच हंगामात त्यांनी स्वतःच्या पैशाने दोन साधे सेन्सर एका शेडमध्ये टांगून ठेवले होते. चौथ्या दिवसापासून ते चुकीचे आकडे दाखवू लागले. उघडून पाहिलं तर सेन्सरच्या जाळीवर तेलकट थर बसला होता, कारण द्राक्षं पसरल्यावरही त्यांच्यावर डिपिंग ऑइलची फवारणी करतात. हे अपयश त्यांनी अर्जात फोटोसकट दिलं. समितीतल्या तज्ज्ञ प्राध्यापकांनी सर्वांत जास्त वेळ त्याच फोटोवर घालवला. सेन्सरचं तोंड खाली करून त्यावर टोपी बसवायची की फवारणीच्या वेळी तो झाकायचा, यावर चर्चा रंगली. नावीन्याचे गुण तिथेच मिळाले असं मला वाटतं. पाठ्यपुस्तकातला सेन्सर कुणीही विकत आणतं, तेलकट हवेत तीन महिने टिकणारा सेन्सर दुसऱ्याला सहज जमणारा नसतो.

आता पैशाचा तक्ता. दुसऱ्या अर्जात 20 लाखांची मागणीच नव्हती. तीन टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यासमोर एक प्रश्न लिहिला होता. पहिला टप्पा चार शेडचा. प्रत्येक शेड मधोमध पडदा घालून दुभागायची, एकाच शेतकऱ्याची, एकाच दिवशी तोडलेली द्राक्षं दोन्ही भागांत पसरायची, यंत्र एकाच भागात लावायचं. माल 15 टक्के ओलाव्यापर्यंत यायला दोन्ही बाजूंना किती दिवस लागले ते मोजायचं. खर्च असा : तीस सेन्सर 1 लाख 20 हजार, पंखे आणि नियंत्रक 1 लाख 80 हजार, तपासण्या आणि प्रवास 60 हजार, तीन महिन्यांचा तंत्रज्ञ 75 हजार. एकूण 4 लाख 35 हजार. प्रयोगात कुणाचा माल बिघडला तर भरपाईसाठी 65 हजार रुपये त्यांनी स्वतःचे बाजूला काढले होते. आणि खाली एक ओळ : ‘चारपैकी तीन शेडमध्ये किमान दोन दिवसांचा फरक पडला नाही, तर पंख्यांचा मार्ग सोडून देऊ आणि दुसरा हप्ता मागणार नाही.’

ही ओळ वाचून समितीतल्या गुंतवणूकदार बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “यांना पैसे द्यायला मला भीती वाटत नाही.” हप्त्यांचं अनुदान देणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. टप्पा म्हणजे ‘अॅपचं काम 50 टक्के पूर्ण’ नव्हे, कारण ते कधीही पूर्ण झालं असं म्हणता येतं. टप्पा म्हणजे होय किंवा नाही असं उत्तर देणारी चाचणी.

या तक्त्यात हंगामाचंही भान होतं. द्राक्षांचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. पैसे मे महिन्यात हाती आले तर पुढची नऊ महिने करण्यासारखं काही नसतं आणि तंत्रज्ञाचा पगार मात्र चालू राहतो. अर्जावर 45 दिवसांत निर्णय व्हावा अशी योजनेची अपेक्षा आहे, पण त्यानंतर करारनामा, बँक खातं यांत वेळ जातो. म्हणून यांनी सप्टेंबरमध्येच अर्ज केला आणि तसं का केलं तेही लिहिलं. शेती, शाळा, सण, पाऊस यांच्याशी जोडलेल्या धंद्यात ही तारीख चुकली तर अख्खं वर्ष जातं, आणि ते समितीतल्या कुणी दाखवून द्यायच्या आधी अर्जदाराने स्वतः दाखवलेलं बरं.

चमूबद्दल मुलं पदव्या आणि पुरस्कार लिहितात. आम्ही पाहतो ते निराळंच. सगळ्यात अवघड काम कोणतं आणि ते करणारा माणूस कंपनीच्या आत आहे की बाहेरून भाड्याने आणायचा आहे? तंत्रज्ञान हाच जिचा गाभा आहे अशा कंपनीने ते बाहेरून बनवून घेतलं, तर पहिल्या बिघाडालाच काम थांबतं. इथे ती यंत्र बनवणारी आणि तो शेडमालकांच्या ओसरीवर बसू शकणारा. एकाची जागा दुसरा घेऊ शकत नव्हता, म्हणून जोडी पटली. एकट्याने आलेल्या अर्जदाराकडे समित्या जरा साशंकपणे पाहतात. 2007 मध्ये ड्रू ह्यूस्टनने ‘ड्रॉपबॉक्स’ची कल्पना घेऊन वाय कॉम्बिनेटरकडे अर्ज केला, तेव्हा त्यालाही आधी जोडीदार शोध असं सांगण्यात आलं. अराश फिरदौसी एमआयटीतलं शिक्षण सोडून त्याच्यासोबत आला. माझं मत मात्र असं आहे की निवडीसाठी घाईघाईने धरून आणलेला जोडीदार एकट्यापेक्षा वाईट. तो ओळखूही येतो : त्याचा हिस्सा दोन टक्के असतो, नोकरी चालूच असते आणि मुलाखतीत त्याला आलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसराच देतो.

हिश्श्यांचा प्रश्न यांच्याही बाबतीत निघाला. सुरुवातीला यांच्यासोबत एक मित्र होता, तिघांचा समान हिस्सा ठरला होता. मित्र सहा महिन्यांत परदेशी गेला, पण कागदोपत्री एक तृतीयांश कंपनी त्याच्या नावावर राहिली. पुढे येणारा गुंतवणूकदार असा हिस्सा पाहून मागे फिरतो, म्हणून समितीने तो आधी सोडवून घ्यायला सांगितलं. यासाठी संस्थापकांनी पहिल्याच दिवशी आपसात करार करावा : समभाग चार वर्षांत थोडे थोडे पक्के होत जातील आणि जो पहिल्या वर्षातच सोडून जाईल त्याला काही मिळणार नाही. सख्ख्या भावांमध्येही हा करार असावा असं मी सांगतो. नात्यात हे बोलणं जड जातं, पण वर्षभराने ते त्याहून जड जातं. तसाच दुसरा दाखला म्हणजे मालकीचा. यंत्राचा आराखडा नोकरीत असताना, कंपनीच्या संगणकावर किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बनला असेल तर त्यावर हक्क कुणाचा, याचं लेखी उत्तर जवळ असावं. तिने जुन्या कंपनीकडून तसं पत्र आणलं होतं.

समित्याही चुकतात. दहा-पंधरा मिनिटांच्या सादरीकरणात सफाईदार बोलणारा पुढे जातो, तालुक्यातून आलेला घाबरा मुलगा मागे राहतो, हे मी पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. सादरीकरण इंग्रजीतच करायला हवं या समजुतीने कित्येक जण आपल्याला येणारी उत्तरंही देऊ शकत नाहीत. मी समितीत असतो तेव्हा आधीच सांगतो की मराठीत बोला, आणि अर्जदारानेही ते विचारून घ्यायला संकोच करू नये. एकाच वेळी पसंतीक्रमाने तीन इन्क्युबेटरकडे अर्ज करता येतो, म्हणून आपल्या विषयाची प्रयोगशाळा आणि माणसं कुठे आहेत ते पाहून क्रम लावावा. नकार आला तर कोणत्या प्रश्नावर अडलं ते विचारावं. या दोघांनी पहिल्या नकारानंतर तेवढंच विचारलं होतं.

पहिला हप्ता डिसेंबरात मिळाला. मे महिन्यात त्यांचा चार पानी अहवाल आला. दोन शेडमध्ये यंत्राच्या बाजूचा माल दोन ते तीन दिवस आधी वाळला होता. तिसऱ्या शेडमध्ये फरक जेमतेम एका दिवसाचा आणि चौथीत काहीच नाही. ती शेड उंचावर, दोन्ही बाजूंनी वारा मिळणारी. तीन शेडची स्वतःच घातलेली अट पुरी झाली नव्हती. अहवालाच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं की दुसरा हप्ता ठरल्याप्रमाणे मागत नाही. त्याऐवजी सखल जागेतल्या, वारा कमी मिळणाऱ्या शेडच वेगळ्या मोजायच्या आहेत, त्यासाठी 90 हजार पुरतील, आणि ते मिळाले नाहीत तरी पावसाळ्यात दोघं मोटरसायकलवरून फिरून ती मोजणी करणारच आहेत. सोबत शेडची यादी होती. त्यातल्या एकोणीस नावांपुढे उंची, वाऱ्याची दिशा आणि मालकाचं गाव आधीच लिहून झालं होतं.